सरळ रेषेकडे काणाडोळा करणारे चार आकडे

वेव्हलेटचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, `db2` या नावाखाली चार आकडे सापडतील: ०.४८३०, ०.८३६५, ०.२२४१ आणि उणे ०.१२९४. पुस्तकांत याच आकड्यांना `D4` म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, कोणीतरी शेकडो प्रयोग करून, जमेल तसे जुळवून हे आकडे ठरवले असतील. प्रत्यक्षात यात जुळवाजुळव अजिबात नाही. चार साध्या अटी घातल्या की हे आकडे आपोआप बाहेर पडतात आणि त्यासाठी दहावीच्या बीजगणितातलं वर्गसमीकरण पुरतं. बेल्जियममध्ये जन्मलेल्या गणितज्ञ इन्ग्रिड डोबेशी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून अशा आकड्यांचं सगळं कुटुंबच पुढे आलं. त्या कुटुंबातले हे चार आकडे कसे निघतात आणि मिळाल्यावर काय करतात, ते एका छोट्या उदाहरणावर पाहू.

समजा, निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यातल्या एका दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत दर तासाला तापमान नोंदवलं: १०, १२, १४, १६, १८, २३, २२, २४ अंश. तापमान तासाला दोन अंशांनी चढतंय. फक्त बारा वाजता २०च्या जागी २३ नोंदले गेले, कारण तेवढ्यात तापमापीवर थेट ऊन पडलं. या आठ आकड्यांचे दोन भाग करायचे आहेत. एका भागात दिवसाचा ढोबळ कल यावा, दुसऱ्यात त्या कलापासून झालेली फारकत. दोन्ही भागांत चार-चारच आकडे असावेत आणि त्यांच्यापासून मूळचे आठ आकडे तंतोतंत परत मिळावेत.

याची सर्वांत जुनी रीत आल्फ्रेड हार या हंगेरियन गणितज्ञाची. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून ती आली. आकड्यांच्या जोड्या करायच्या. प्रत्येक जोडीच्या बेरजेला २च्या वर्गमुळाने भागलं की ढोबळ आकडा मिळतो, वजाबाकीला भागलं की तपशिलाचा. आपल्या नोंदींवर ही रीत चालवली, तर तपशिलाचे चार आकडे येतात: −१.४१, −१.४१, −३.५४, −१.४१. उन्हाचा घोळ असलेली जोडी उठून दिसते खरी, पण बाकीच्या तीन जोड्यांतही शून्य आलेलं नाही. तापमान शांतपणे चढत असताना हारची रीत प्रत्येक वेळी ‘इथे फरक आहे’ अशी वर्दी देते. तिचं चुकत नाही. दोनच आकडे समोर असतील, तर त्यांच्यातला फरक चढणीचा आहे की अपघाताचा, हे कळायला मार्गच नसतो.

मग एका वेळी तीन आकडे पाहिले तर? इथे मजा होते. तीन सहगुणक घेतले आणि पुढच्या अटी लावल्या, तर टोकांच्या दोन सहगुणकांचा गुणाकार शून्य यावा लागतो. म्हणजे त्यांतला एक शून्यच, आणि आपण फिरून हारच्या दारात. म्हणून पुढचा खरा मुक्काम चारचा.

चार सहगुणकांना अ, ब, क, ड म्हणू. पहिल्या चार नोंदींना ओळीने यांनी गुणायचं आणि बेरीज करायची. पहिला ढोबळ आकडा मिळाला. मग दोन घरं पुढे सरकायचं, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या नोंदीवर तेच सहगुणक लावायचे. पुन्हा दोन घरं पुढे, आणि असंच. तपशिलासाठी वेगळे सहगुणक शोधायची गरज नाही. त्याच चारांचा क्रम उलटा करायचा आणि एकाआड एक चिन्ह बदलायचं: ड, −क, ब, −अ. ही युक्ती का, ते लगेच दिसेल.

आता अटी. पहिल्या दोन लंबतेच्या आहेत. शहरात एखादं घर सांगताना ‘पूर्वेला इतकं, उत्तरेला इतकं’ म्हटलं की काम होतं, कारण त्या दोन दिशा काटकोनात आहेत आणि एकीची माहिती दुसरीत पुन्हा येत नाही. इथे दिशा दोनऐवजी आठ आहेत: चार ढोबळ, चार तपशिलाच्या. दोन दिशा काटकोनात आहेत की नाही, हे तपासायला त्यांच्या आकड्यांचे जागच्या जागी गुणाकार करून बेरीज घ्यायची. ती शून्य आली पाहिजे.

ढोबळ ओळ आणि तिच्याच जागेवरची तपशिलाची ओळ घ्या. बेरीज येते अड − बक + कब − डअ, आणि सगळं कटून शून्य उरतं. अ, ब, क, ड काहीही असोत. एक ओळ दोन घरं सरकवली तरी असंच कटतं. क्रम उलटून चिन्हं बदलण्याची युक्ती यासाठीच होती. ढोबळ आणि तपशील एकमेकांना लंब राहण्याची हमी फुकटात मिळाली.

उरतो तो ढोबळ ओळीचा स्वतःशीच, दोन घरं सरकलेल्या ओळीशी असलेला संबंध. तिथे क आणि ड यांच्याखाली दुसऱ्या ओळीचे अ आणि ब येतात. म्हणून पहिली अट:

अक + बड = ०

प्रत्येक दिशेची लांबी एक असावी, ही दुसरी:

अ² + ब² + क² + ड² = १

या दोन अटी पाळल्या की दोन गोष्टी घडतात. मूळ नोंदींच्या वर्गांची बेरीज आणि नव्या आठ आकड्यांच्या वर्गांची बेरीज सारखीच राहते. आणि परत यायला वेगळी उलटी रीत शोधावी लागत नाही, तेच सहगुणक पुन्हा वापरून मूळ आकडे मिळतात.

तिसरी अट ढोबळ ओळ खरोखर ढोबळ असावी यासाठी आहे. हारच्या रीतीत १/√२ दोनदा येतो आणि बेरीज √२ होते. इथेही तेच मागायचं:

अ + ब + क + ड = √२

या तीन अटी एकत्र पाहिल्या की एक गोष्ट न मागता हाती लागते. अ आणि क यांची बेरीज एकीकडे, ब आणि ड यांची दुसरीकडे ठेवा. पहिल्या दोन अटींमुळे या दोन बेरजांच्या वर्गांची बेरीज १ भरते आणि तिसरीमुळे त्यांची साधी बेरीज √२. हे दोन्ही एकाच वेळी जमायचं तर दोन्ही बेरजा सारख्याच, ०.७०७१, असाव्या लागतात. मग ड − क + ब − अ शून्य होतो. म्हणजे तापमान दिवसभर एकाच अंशावर राहिलं, तर तपशिलाच्या ओळीला काहीच दिसत नाही. सपाट रेषेकडे काणाडोळा करणं ही वेगळी अट नव्हेच, ती आधीच्या तीन अटींच्या पोटात आहे.

पण अज्ञात चार आणि अटी तीन. म्हणजे एक मोकळीक शिल्लक आहे. ती केवढी, हे चित्रात छान दिसतं. क म्हणजे ०.७०७१ − अ आणि ब म्हणजे ०.७०७१ − ड, असं पहिल्या अटीत घातलं की उरतं:

अ² + ड² = ०.७०७१ × (अ + ड)

आडव्या अक्षावर अ आणि उभ्या अक्षावर ड घेऊन हे काढलं, तर अर्धा एकक त्रिज्येचं, आरंभबिंदूतून जाणारं एक वर्तुळ मिळतं. या वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे चार सहगुणकांचा एक नियमात बसणारा संच. अ = ०.७०७१ आणि ड = ० हा बिंदू घ्या. ब होतो ०.७०७१, क होतो शून्य, आणि समोर उभे राहतात हार, शेजारी दोन शून्यं घेऊन. जुनी रीत या वर्तुळावरचा एक बिंदू आहे, एवढंच. तिच्या शेजारी असंख्य बिंदू आहेत आणि लंबतेच्या दृष्टीने सगळे सारखेच चांगले.

त्यांतला कुठला निवडायचा? इथे आपली मूळ तक्रार कामी येते. सपाट रेष दिसत नाही, पण चढण दिसते. म्हणून चौथी अट: चढणारी सरळ रेषही तपशिलाच्या ओळीला दिसू नये. सर्वांत साधी चढण म्हणजे ०, १, २, ३. ती तपशिलाच्या ओळीतून घातली की शून्य यायला हवं:

−क + २ब − ३अ = ०

यात क आणि ब यांच्या जागी वरच्या किमती घातल्या की ०.७०७१ − २अ − २ड = ० उरतं, म्हणजेच अ + ड = ०.३५३६. ही एक तिरकी रेषा आहे आणि ती आपल्या वर्तुळाला दोन ठिकाणी छेदते. अ आणि ड यांची बेरीज आता ठाऊक झाली. वर्गांची बेरीज वर्तुळाच्या समीकरणातून ०.२५ येते. बेरजेचा वर्ग ०.१२५ आहे, तेव्हा गुणाकाराची दुप्पट ०.१२५ − ०.२५, म्हणजे −०.१२५, आणि गुणाकार −०.०६२५. बेरीज आणि गुणाकार हातात आले की वर्गसमीकरण लिहायचं:

क्ष² − ०.३५३६क्ष − ०.०६२५ = ०

याची मुळं ०.४८३० आणि −०.१२९४. पहिलं अ, दुसरं ड. मग ब = ०.७०७१ + ०.१२९४ = ०.८३६५ आणि क = ०.७०७१ − ०.४८३० = ०.२२४१. हेच ते चार आकडे. नेमकेपणाने लिहायचे तर १ + √३, ३ + √३, ३ − √३ आणि १ − √३, प्रत्येकाला ४√२ ने भागून. अ आणि ड यांची अदलाबदल केली तर दुसरा छेदनबिंदू मिळतो, आणि तोही हाच संच आहे, फक्त उलट्या क्रमाने. काही सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे −०.१२९४ पासून सुरू होताना दिसतात, तपशिलाचं चिन्हही कधी उलटं असतं. त्यात चूक काही नाही, मांडणीची पद्धत वेगळी आहे. मात्र हाताने केलेलं गणित ताडून पाहताना हे आधी जुळवून घ्यावं लागतं.

आता निफाडच्या नोंदी. सात ते दहाच्या चार नोंदी घ्या: १०, १२, १४, १६. तपशिलाचे सहगुणक आहेत −०.१२९४, −०.२२४१, ०.८३६५, −०.४८३०. गुणाकार ओळीने −१.२९, −२.६९, ११.७१ आणि −७.७३, बेरीज शून्य. हारला जिथे −१.४१ दिसलं, तिथे इथे काहीच नाही. चढण होती, पण ती सरळ होती.

दोन घरं पुढे गेलं की नोंदी येतात १४, १६, १८, २३. इथे सगळे गुणाकार करायची गरज नाही. १४, १६, १८, २० यांचं उत्तर शून्य येणार, हे ठाऊक आहे. उरतात ते उन्हाचे जास्तीचे तीन अंश, तेही शेवटच्या जागेवर. म्हणून तपशील ३ × −०.४८३०, म्हणजे −१.४५. त्यापुढच्या चौकडीत, १८, २३, २२, २४ मध्ये, तेच तीन अंश दुसऱ्या जागेवर येतात: ३ × −०.२२४१, म्हणजे −०.६७. चढण पूर्ण नाहीशी झाली आणि तपशिलात फक्त ऊन उरलं.

शेवटच्या चौकडीत अडचण येते. एक आणि दोन वाजताच्या नोंदी आहेत, पण पुढे दोन नोंदी हव्यात आणि दिवस संपला. सर्वांत सोपा उपाय म्हणजे दिवस गोल वळवून पुन्हा सकाळचे सात आणि आठ जोडणं. आकड्यांची लंबता टिकते, नोंदीही आठच राहतात. पण चौकडी होते २२, २४, १०, १२. सरळ चढणीप्रमाणे २६ आणि २८ हवे होते, मिळाले सोळा-सोळा अंशांनी कमी. तपशील येतो −५.६६, उन्हाच्या घोळापेक्षा कितीतरी मोठा. हवेत असं काहीच घडलं नव्हतं. दुपारी दोनला सकाळचे सात चिकटवले, त्या जोडाची ही खूण. तपशिलात सर्वांत मोठा आकडा नेमका टोकाला दिसला, तर आधी संशय नोंदींवर न घेता गोल वळवण्यावर घ्यावा. नोंदी गोल वळवण्याऐवजी टोकाला आरशात पाहिल्यासारख्या उलटून जोडल्या, तर ही उडी जाते, मात्र नोंदींची संख्या आणि लंबता दोन्ही सांभाळायला जादा हिशेब करावा लागतो.

ढोबळ आकडे त्याच पद्धतीने अ, ब, क, ड लावून येतात: १५.९४, २१.२०, २९.७६, ३१.३९. ते मूळ अंशांपेक्षा मोठे दिसतात, कारण सहगुणकांची बेरीज √२ आहे, १ नाही. गणित बरोबर आहे का, हे तपासायचा एक सोपा मार्ग आहे. मूळ आठ नोंदींच्या वर्गांची बेरीज २६०९. पूर्ण दशांश धरून ढोबळ आकड्यांच्या वर्गांची बेरीज २५७४.४५ आणि तपशिलाची ३४.५५ येते. मिळून २६०९. ही बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी एक चिन्ह चुकलंय, असं बहुतेक वेळा निघतं.

परतीचा प्रवास एका नोंदीपुरता करून पाहू. बारा वाजताची नोंद दुसऱ्या चौकडीत चौथी आणि तिसऱ्या चौकडीत दुसरी होती. म्हणून दुसऱ्या ढोबळ आकड्याला ड ने आणि तिसऱ्याला ब ने गुणायचं: −२.७४ आणि २४.८९. दुसऱ्या तपशिलाला −अ ने आणि तिसऱ्याला −क ने: ०.७० आणि ०.१५. बेरीज २३.००. जे दिलं, ते परत मिळालं.

याच हिशेबातून एक मर्यादाही दिसते. उन्हाचा घोळ काढून टाकायचा म्हणून दुसरा आणि तिसरा तपशील शून्य केला, तर बारा वाजताची नोंद २०वर येत नाही, २२.१५ वर थांबते. तीन अंशांपैकी मोठा वाटा ढोबळ भागात झिरपलेला असतो आणि तो तपशील पुसून जात नाही. आणि हा वाटा किती, हे घोळ कुठल्या घरात पडला यावर ठरतं. तेच ऊन बाराऐवजी अकरा वाजता पडलं असतं, तर ते चौकडीतल्या तिसऱ्या आणि पहिल्या जागेवर आलं असतं आणि तपशील २.५१ आणि −०.३९ मिळाले असते. ऊन तेच, तासाभराने अलीकडे, आणि तपशिलाचा सर्वांत मोठा आकडा १.४५ वरून २.५१ वर. दोन-दोन घरं सरकण्याची ही किंमत आहे. म्हणून एखाद्या नोंदीत ‘अमुक मर्यादेपेक्षा मोठा तपशील म्हणजे बिघाड’ असा नियम एवढ्या एका पायरीवर बांधला, तर काही बिघाड सापडतील आणि तसेच इतर केवळ घर बदलल्यामुळे निसटतील. उपाय म्हणून काही जण नोंदी एका घराने सरकवून हीच पायरी दुसऱ्यांदा करतात आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवतात. मग तपशिलाचे आकडे दुप्पट होतात, ते सोसावं लागतं.

चढण सरळ नसून वळणदार असेल, तर चार सहगुणकांना ती दिसतेच. वर्गाच्या वळणाकडेही काणाडोळा हवा असेल, तर सहा सहगुणक लागतात. प्रत्येक नव्या अटीमागे दोन-दोन वाढतात. चौकडीची सहाकडी झाली की टोकाच्या नोंदींचा घोळही तेवढा पसरतो.

एक गोष्ट मात्र सहगुणक कितीही वाढवले तरी मिळत नाही, ती म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी मांडणी. आपल्या चारांत डावीकडे ०.४८ आणि उजवीकडे −०.१३ आहे. हारच्या रीतीचा अपवाद सोडला, तर आखूड, लंब आणि सममित अशी वास्तव आकड्यांची वेव्हलेट होऊच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. चित्रांत ही असममिती नडते. म्हणून अमेरिकेच्या एफबीआयने बोटांच्या ठशांसाठी आणि पुढे जेपीईजी २००० या चित्रांच्या पद्धतीने नऊ आणि सात सहगुणकांची वेगळी जोडी स्वीकारली. तिथे सममिती मिळाली. सोडावी लागली ती अक + बड = ० सारखी काटेकोर लंबता, आणि तिच्याबरोबर वर्गांच्या बेरजेची अचूक बरोबरीही. निफाडच्या नोंदींत चूक धरायला कामी आलेला २६०९ चा ताळा त्या जोडीत नेमका जुळेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.